फोटोवर लिपस्टिक आणि आयशॅडोची शेड बघणे, चेहरा रंगवल्यासारखा न दिसता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या आधी मेकअप ठरवताना, ऑनलाइन लिपस्टिक मागवण्यापूर्वी किंवा पार्लरमध्ये ग्राहकाला दोन-तीन पर्याय दाखवताना फोटोवरच शेड लावून बघणे सोयीचे पडते. पण बहुतेक वेळा ओठ स्टिकर चिकटवल्यासारखे दिसतात आणि पापण्यांवर खडू फासल्यासारखा वाटतो. तसे का होते आणि ते कसे टाळायचे, ते इथे सांगितले आहे. सगळ्या पायऱ्या ब्राउझरमध्ये मोफत चालणाऱ्या फोटोपी या एडिटरसाठी आहेत. फोटोशॉपमध्येही मेनूची नावे जवळपास तीच आहेत.

शेड ओठांवर बसण्याऐवजी वर थापल्यासारखी का दिसते?

ओठाचा फोटो नीट मोठा करून बघा. त्यात एकच रंग नसतो. उभ्या बारीक रेषा असतात, खालच्या ओठाच्या मध्यावर उजेडाचा पट्टा असतो, कोपऱ्यांत सावली असते. लिपस्टिक लावली तरी यातले जवळजवळ सगळे तसेच राहते, फक्त त्याखालचा मूळ रंग बदलतो. आपण ब्रशने सपाट रंग भरतो तेव्हा रंगासोबत हा चढउतारही पुसला जातो. डोळ्याला ते लगेच कळते, कारण बाकी चेहऱ्यावर त्वचेचा पोत आहे आणि ओठांवर मात्र नाही.

दुसरे कारण चमक. ओठावरचा पांढरा ठिपका हा खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड पृष्ठभागावरून थेट परतल्यामुळे दिसतो, म्हणून त्याचा रंग उजेडाचा असतो, लिपस्टिकचा नसतो. मरून लिपस्टिकवरची चमक पांढरीच दिसते. ती मरून किंवा गुलाबी केली की ओठ प्लॅस्टिकचे वाटू लागतात.

तेव्हा काम असे आहे : ओठाचा सरासरी रंग हवा तिथे न्यायचा, त्याच्या आजूबाजूचा चढउतार त्याच प्रमाणात सोबत न्यायचा आणि चमकेला हात लावायचा नाही.

`Multiply` किंवा `Color` मोड वापरला तर नाही का चालत?

बहुतेक ठिकाणी हेच दोन मोड सुचवलेले असतात आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. एक उदाहरण आकड्यांसकट बघू, पुढेही तेच वापरू.

गव्हाळ वर्णाच्या चेहऱ्यावर बिनलिपस्टिकच्या ओठांचा सरासरी रंग लाल १५०, हिरवा ९२, निळा ८६ असा आला. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला असतो, शून्य म्हणजे तो रंग मुळीच नाही आणि २५५ म्हणजे पूर्ण. हवी असलेली मरून शेड लाल १२२, हिरवा ३१, निळा ४५ आहे.

या मरूनचा लेयर `Multiply` मोडवर ठेवला तर प्रत्येक आकड्याचा गुणाकार होऊन त्याला २५५ ने भाग जातो. उत्तर येते ७२, ११, १५, म्हणजे जवळजवळ काळपट रक्ताचा रंग. ओठाचा स्वतःचा गडदपणा आणि लिपस्टिकचा गडदपणा असे दोन्ही एकावर एक मोजले गेले. खरी लिपस्टिक ओठाचा रंग बराचसा झाकते, त्यात आणखी काळोख मिसळत नाही.

`Color` मोड उलटी चूक करतो. तो खालच्या फोटोचा उजळपणा जसाच्या तसा ठेवतो आणि फक्त रंगछटा व तिची तीव्रता बदलतो. त्यामुळे तीच मरून शेड साधारण १७१, ८०, ९४ अशी वीटकरी गुलाबी दिसते. ग्राहक म्हणते, ‘ही तर मी मागितलेली शेड नाही’, आणि ते बरोबरच असते. मरून हा ओठापेक्षा गडद रंग आहे, तेव्हा ओठाचा उजळपणा खाली यायलाच हवा.

`Normal` मोडवर `Opacity` ५० टक्के केली तर रंग मधलाच कुठलातरी येतो आणि ओठांच्या रेषा अर्ध्याने फिक्या पडतात. ओठांवर धुके आल्यासारखे दिसते ते यामुळे.

मग कोणती पद्धत वापरायची?

`Curves` हा अ‍ॅडजस्टमेंट लेयर आणि त्यावर ओठांचा मास्क. मास्क पांढरा असतो तिथे लेयरचा परिणाम दिसतो, काळा असतो तिथे दिसत नाही. `Curves` फोटोवर नवा रंग ओतत नाही, फोटोतलेच आकडे ठरलेल्या प्रमाणात सरकवतो. त्यामुळे ओठाची प्रत्येक रेष, अगदी कॅमेऱ्याचा बारीक दाणासुद्धा, जागेवर राहतो.

१. आयड्रॉपर हे रंग मोजणारे टूल घ्या आणि वरच्या पट्टीतून एका पिक्सेलऐवजी ५ बाय ५ किंवा ११ बाय ११ ची सरासरी निवडा. खालच्या ओठावर चमक आणि सावली टाळून तीन-चार ठिकाणी रंग मोजा आणि सरासरी काढा. आपल्या उदाहरणात १५०, ९२, ८६.

२. ओठाचा सगळ्यात उजळ, पण चमक नसलेला भाग मोजा. इथे तो १८२, १२४, ११८ धरू.

३. ओठांभोवती सिलेक्शन करून `Layer > New Adjustment Layer > Curves` निवडा. सिलेक्शन आपोआप मास्क होते.

४. `Curves` मध्ये लाल चॅनल निवडा आणि रेषेवर एक बिंदू असा ठेवा की १५० आत गेला की १२२ बाहेर येईल. हिरव्या चॅनलमध्ये ९२ चा ३१ करा, निळ्यात ८६ चा ४५.

५. आता प्रत्येक चॅनलमध्ये दुसरा बिंदू ठेवा. उजळ भागही त्याच प्रमाणात सरकला पाहिजे. लाल १८२ गुणिले १२२ भागिले १५०, म्हणजे १४८. त्याच हिशोबाने हिरवा १२४ चा ४२ आणि निळा ११८ चा ६२.

६. रेषेची दोन्ही टोके हलवू नका. शून्याचे शून्य, २५५ चे २५५.

पाचवी पायरी गाळली तर काय होते ते एकदा करून बघण्यासारखे आहे. हिरव्या चॅनलची रेषा ३१ पासून थेट २५५ पर्यंत झपकन चढते, त्यामुळे ओठाचे थोडेसे उजळ भागही फिकट गुलाबी होतात आणि लिपस्टिक अर्धी खाऊन गेल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची दिसते. दुसरा बिंदू ती चढण चमकेच्या आधीपर्यंत रोखून धरतो.

सहाव्या पायरीमुळे चमक वाचते. फोटोत जिथे जवळजवळ पांढरे आहे तिथे `Curves` काहीच बदलत नाही, म्हणून ठिपका पांढराच राहतो.

शेवटी आयड्रॉपरने पुन्हा मोजा. पहिल्या पायरीत जिथे मोजले तिथे आता १२२, ३१, ४५ च्या आसपास यायला हवे. पाच-सात आकड्यांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. त्याहून जास्त असेल तर त्या चॅनलचा बिंदू थोडा सरकवा.

हव्या असलेल्या शेडचे आकडे आणायचे कुठून? वेबसाइटवरचा चौकोन चालेल का?

अंदाजापुरता चालेल. वेबसाइटवरचा रंगाचा चौकोन बऱ्याचदा नुसता भरलेला रंग असतो. तो कोणत्या उजेडात, किती जाड थराला जुळवला ते कळायला मार्ग नसतो.

टेस्टर हाताशी असेल तर सगळ्यात भरवशाची युक्ती ही : हाताच्या मागच्या बाजूला टेस्टरचे दोन-तीन फटके एकावर एक ओढा, तो हात गालाशेजारी धरा आणि चेहरा व हात एकाच फोटोत घ्या. उजेड एकच, कॅमेरा एकच, व्हाइट बॅलन्स एकच. मग हातावरचा रंग आयड्रॉपरने मोजून तोच थेट ओठांसाठी वापरता येतो. हातही चेहऱ्याइतकाच उजेडाकडे वळलेला हवा. तो तिरका धरला तर शेड गडद मोजली जाते. टेस्टर ओठांना लावायची गरजच पडत नाही, आणि दुकानातला टेस्टर ओठांना लावूही नये.

हात आणि चेहरा वेगवेगळ्या फोटोंत असतील तर दोन्हींत एक पांढरा कागद असू द्या. प्रत्येक फोटोत आधी तो कागद करडा-पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे जवळपास सारखे, येईल असा रंग जुळवा आणि मगच शेड मोजा. कागदाचे आकडे २०० ते २३० च्या दरम्यान असलेले बरे. ते २५५ ला टेकले असतील तर फोटो जळला आहे आणि त्यावरून काही जुळवता येणार नाही. कॉपीचा झगझगीत पांढरा कागद दिवसाच्या उजेडात किंचित निळसर येतो, कारण त्यात उजळपणा वाढवणारी द्रव्ये असतात. वहीचा साधा कागद त्यापेक्षा बरा.

फोटो कसा काढावा?

दिवसा, खिडकीकडे तोंड करून, पण ऊन थेट चेहऱ्यावर न घेता. मागचा कॅमेरा वापरा. ब्युटी मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. ब्युटी मोड त्वचेचा पोत आधीच घासून टाकतो, मग तुम्ही कितीही जपून शेड लावली तरी चेहरा मेणाचा दिसतो आणि दोष शेडला जातो.

ओठांवर बाम किंवा आधीची लिपस्टिक नको. बामने चमक वाढते आणि मॅट शेड बघणे अवघड होते. ओठ हलके मिटलेले असावेत. फोटोत ओठांची रुंदी निदान ३०० ते ४०० पिक्सेल तरी हवी.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि जेपेगमध्ये पुन्हा दाबला जातो. जेपेगमध्ये रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा जाडसर साठवली जाते, म्हणून लालसर कडा शेजारच्या त्वचेत पसरल्यासारख्या दिसतात. ते पसरणे मास्क कितीही नीट केला तरी जात नाही.

ओठांचा मास्क कुठे आणि किती मऊ ठेवायचा?

पेन टूलने बाह्यरेषा काढा. ओठाची खरी कड म्हणजे जिथे त्वचेचा रंग बदलतो ती जागा. तिथली सगळ्यात गडद रेष ही नेहमीच कड नसते. खालच्या ओठाखाली सावली पडते आणि अनेकजण त्या सावलीलाच ओठ समजून मास्क खाली ओढतात. मग ओठ सुजल्यासारखे दिसतात.

मऊपणा फोटोवरूनच ठरवा. फोटो २०० टक्के मोठा करून बघा, ओठाचा रंग त्वचेत मिसळायला किती पिक्सेल घेतो. मास्कची कड तेवढीच धूसर हवी. ४०० पिक्सेल रुंद ओठांसाठी मास्कला `Filter > Blur > Gaussian Blur` चा २ ते ३ पिक्सेल त्रिज्येचा ब्लर बहुतेक वेळा पुरतो. ब्लर देताना चित्रावर नव्हे, मास्कवर क्लिक केलेले आहे ना ते बघा.

कड सगळीकडे सारखी नसते. वरच्या ओठाचा धनुष्यासारखा भाग रेखीव असतो आणि खालच्या ओठाची खालची कड विरघळती असते. म्हणून ब्लर दिल्यावर खालच्या कडेवर मऊ काळ्या ब्रशने, `Flow` १० टक्के ठेवून, एकदोन हात फिरवा. तोंडाच्या कोपऱ्यांतही तसेच करा, तिथे खरी लिपस्टिक कधीच पूर्ण पोचत नाही. दोन ओठांमधली फट आणि दात मास्कमधून पूर्ण काढून टाका. दातांवर आलेली किंचित लालीही सगळा परिणाम बिघडवते.

वरचा ओठ गडद आणि खालचा गुलाबी आहे. दोन्हीकडे शेड वेगळी दिसते, काय करू?

आपल्याकडे हे फार सर्रास आहे. सावळ्या आणि गव्हाळ वर्णात वरचा ओठ बऱ्याचदा तपकिरी असतो आणि बाहेरची कड आणखी गडद असते. एकाच `Curves` ने दोन्ही सरकवले तर फरक तसाच शिल्लक राहतो. पातळ टिंट लावल्यावर प्रत्यक्षात तसेच दिसते, पण पूर्ण झाकणारी क्रीम किंवा मॅट लिपस्टिक तो फरक बराचसा बुजवते.

झाकणाऱ्या लिपस्टिकसाठी दोन ओठांचे दोन वेगळे `Curves` लेयर करा. वरच्या ओठाचा सरासरी रंग वेगळा मोजा, समजा तो १२८, ७६, ७४ आला. आता तो नेमका १२२, ३१, ४५ वर नेऊ नका. वरचा ओठ खाली झुकलेला असतो, त्याला उजेड कमी मिळतो, म्हणून त्याच लिपस्टिकमध्येही तो थोडा गडद दिसतो. साधारण दहा टक्के खाली, ११०, २८, ४० पर्यंत न्या. दोन्ही ओठ तंतोतंत एकाच रंगाचे केले की तोंड कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसते. इथली ही दहा टक्के सावली शेडच्या नेमकेपणापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

गडद बाह्यकड बुजवायची असेल तर `Curves` च्या खाली एक रिकामा लेयर घ्या, मोड `Lighten` ठेवा आणि ओठाचा सरासरी रंग मऊ ब्रशने फक्त त्या कडेवर फिरवा. लेयरची `Opacity` ३० ते ४० टक्के. त्याहून जास्त केलीत तर तिथल्या रेषा पुसल्या जातात.

न्यूड आणि पीच शेड राखाडी किंवा खडूसारख्या का दिसतात?

ओठापेक्षा फिकट शेड लावताना `Curves` वरच्या दिशेने जातो आणि उजळ भागांना पसरायला जागा उरत नाही. समजा पीच शेड १९६, १२८, ११२ आहे. आपल्या उदाहरणातले १५०, ९२, ८६ तिथे नेले आणि उजळ भागही त्याच प्रमाणात वाढवला, तर लाल १८२ चा २३८ होतो. वर चमकेसाठी फक्त १७ पायऱ्या उरल्या. चमक आणि ओठ एकमेकांत मिसळतात आणि पोत नाहीसा होतो.

अशा वेळी दुसरा बिंदू प्रमाणापेक्षा खाली ठेवा : लाल १८२ चा २२०, हिरवा १२४ चा १५६, निळा ११८ चा १४०. चढउतार थोडा दबतो, पण जिवंत राहतो.

इतके करूनही शेड राखेसारखी वाटत असेल तर बहुधा ती त्या चेहऱ्यावर प्रत्यक्षातही तशीच दिसणार आहे. गालाचा रंग मोजा. शेड गालापेक्षा बरीच फिकट असेल आणि तिच्यात लाल व हिरव्यातले अंतर गालापेक्षा कमी असेल, तर ओठ चेहऱ्यात हरवतात. ग्राहकाला हे दाखवता येणे हाच या सगळ्या खटाटोपाचा उपयोग आहे, तेव्हा फोटो सुंदर करण्याच्या नादात शेड गुपचूप उबदार करू नका.

मॅट, क्रीम आणि ग्लॉस यांतला फरक कसा दाखवायचा?

`Curves` च्या वरच्या टोकाने. क्रीम फिनिशसाठी २५५ चे २५५ तसेच ठेवा. मॅटसाठी वरचे टोक खाली आणा. आपल्या मरूनसाठी लाल २२५, हिरवा १५०, निळा १६५ असे करून बघा. पांढरा ठिपका मंद गुलाबीसर होतो आणि ओठ कोरडे वाटतात. चमक पूर्ण घालवू नका, मॅट लिपस्टिकवरही पसरट उजेड राहतोच.

ग्लॉससाठी फोटोत असलेली चमकच थोडी रुंद करता येते. नवीन चमक ब्रशने काढू नका. तिची जागा आणि आकार खोलीतल्या उजेडाशी जुळत नाही आणि ते चटकन डोळ्यात भरते.

पातळ टिंट किंवा बाम दाखवायचा तर `Curves` लेयरची `Opacity` ४० ते ६० टक्के करा. झाकणाऱ्या लिपस्टिकला ९० ते १००.

आयशॅडोला हीच पद्धत चालते का?

मूळ कल्पना तीच, मास्क मात्र अगदी वेगळा. लिपस्टिकला कड असते. आयशॅडोला फक्त पापणीच्या केसांलगत कड असते, बाकी सगळीकडे ती विरत जाते. म्हणून सिलेक्शन करूच नका. `Curves` लेयर घ्या, त्याचा मास्क पूर्ण काळा करा आणि पांढऱ्या ब्रशने रंग हळूहळू चढवा. ब्रशचा `Hardness` शून्य, `Flow` ८ ते १० टक्के, आकार पापणीच्या दिसणाऱ्या उंचीइतका. केसांलगत पाच-सहा हात, वर जाताना दोन-तीन, भुवईखालच्या हाडाच्या आधीच थांबा. प्रत्यक्ष ब्रशने पावडर जशी चढवतात तसाच हा हात आहे आणि मेकअप करणाऱ्यांना तो पटकन जमतो.

डोळे पूर्ण उघडे असलेल्या फोटोत पापणी जेमतेम दिसते. नजर खाली केलेला दुसरा फोटो घ्या आणि शेड दोन्हीवर लावा. खाली नजर असलेल्या फोटोत रंग कळतो, उघड्या डोळ्यांच्या फोटोत तो किती दिसेल ते कळते.

एक उदाहरण. पापणीची त्वचा १४२, १००, ८२ आणि मॅट वांगी-तपकिरी आयशॅडो ९८, ५८, ६६. `Curves` मध्ये हे तीन बिंदू ठेवा आणि लेयरची `Opacity` ५५ टक्के करा. पापणीवर साधारण ११८, ७७, ७३ येते. पावडर त्वचेला लिपस्टिकसारखी झाकत नाही, तेव्हा १०० टक्क्यांवर दिसणारा रंग प्रत्यक्षात तीन-चार थरांनंतरही क्वचितच मिळतो. डब्यातला रंग मोजून तो तसाच पापणीवर आणणे ही आयशॅडोतली सगळ्यात मोठी चूक आहे. शक्य असेल तर तो रंगही हातावर बोटाने लावून मोजा.

पापणीचे केस राखाडी झाले, डोळ्यातला पांढरा भागही रंगला. का?

गडद शेडमध्ये सहसा तसे होत नाही, कारण काळे केस `Curves` मध्ये काळेच राहतात. पीच, सोनेरी, फिकट गुलाबी अशा उजळ शेडमध्ये केसही उजळतात. त्यासाठी लेयरवर डबल क्लिक करून `Blend If` उघडा. `Underlying Layer` च्या काळ्या खुणेचे `Alt` दाबून दोन भाग करा आणि ते ३० व ७० वर ठेवा. म्हणजे ३० पेक्षा गडद असलेल्या पिक्सेलवर शेड लागतच नाही आणि ७० पर्यंत हळूहळू येते. केस काळे राहतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागासाठी मास्कवर काळा ब्रश फिरवणे हाच सरळ उपाय आहे.

सावळ्या पापणीवर ३० आणि ७० जास्त होऊ शकतात, मग खोल सुरकुतीत शेड तुटलेली दिसते. तिथे १५ आणि ४५ करून बघा.

शिमर आणि ग्लिटर दाखवता येते का?

शिमर बऱ्यापैकी येते. मॅट थराच्या वर सोनेरी रंगाचा, उदाहरणार्थ २१४, १७०, ९६, सॉलिड लेयर आयशॅडोच्याच मास्कसह `Screen` मोडवर ठेवा, `Opacity` २५ टक्के. `Blend If` मध्ये खालच्या काळ्या खुणा १०० आणि १७० वर न्या. मग सोनेरी झाक फक्त पापणीच्या फुगीर, उजेड पडलेल्या भागावर येते. सपाट पसरलेले शिमर हळद लागल्यासारखे पिवळे दिसते, ते याने टळते.

ग्लिटर आणि कोन बदलला की रंग बदलणाऱ्या शेड एका फोटोत दाखवू नका. त्या हलताना जे करतात ते स्थिर फोटोत नसते, आणि त्यावरून घेतलेला निर्णय चुकण्याची शक्यता जास्त.

दहा-बारा शेड एकदम बघायच्या असतील तर?

मास्क एकदा नीट केला की बाकी काम फक्त आकड्यांचे आहे. मास्क वेगळ्या फाइलमध्ये काळा-पांढरा सेव्ह करा. पायथनमध्ये हेच `Curves` इतक्या ओळींत होते :

```python
import cv2, numpy as np

img = cv2.imread("face.png")
mask = cv2.imread("lips.png", 0)[..., None] / 255.0

# क्रम : निळा, हिरवा, लाल
x = [[0, 86, 118, 255], [0, 92, 124, 255], [0, 150, 182, 255]]
y = [[0, 45, 62, 255], [0, 31, 42, 255], [0, 122, 148, 255]]

new = img.astype(float)
for c in range(3):
    new[..., c] = np.interp(img[..., c], x[c], y[c])

out = img * (1 - mask) + new * mask
cv2.imwrite("maroon.png", out.round().astype("uint8"))
```

`x` हे ओठाचे आकडे, प्रत्येक फोटोला एकदाच मोजायचे. `y` शेडप्रमाणे बदलायचे. `cv2` मध्ये रंगांचा क्रम उलटा असतो. मरून शेड निळसर-जांभळी आली तर लाल आणि निळा अदलाबदल झाले आहेत असे समजा. मास्क फोटोच्याच मापाचा हवा, नाहीतर गुणाकाराच्या ओळीवर एरर येतो.

झालेले काम बरोबर आहे हे कसे तपासायचे?

सगळ्यांत वर तात्पुरता `Black & White` अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका. रंग गेल्यावर ओठ सपाट करड्या ठिगळासारखे दिसले तर पोत हरवला आहे, दुसरा बिंदू पुन्हा बघा. ओठांभोवती फिकट किंवा गडद रेघ उमटली तर मास्कची कड चुकली आहे. रंगात हे दोष लपतात, करड्यात लपत नाहीत.

मग फोटो लहान करून, चेहरा मोबाइलच्या पडद्यावर जेवढा मावतो तेवढ्या आकारात बघा. मोठे करून काम करताना डोळा कडेलाच चिकटतो आणि पूर्ण चेहऱ्यावर शेड भडक झाली आहे हे कळत नाही. मोबाइलचा नाइट मोड बंद असू द्या. तो पडदा पिवळा करतो आणि निळसर लाल शेड केशरीकडे झुकतात.

मूळ फोटो आणि शेड लावलेला फोटो शेजारी ठेवून गाल बघा. तुम्ही गालाला हात लावलेला नसतानाही गडद लिपस्टिकशेजारी तो जास्त उजळ वाटेल. हा डोळ्याचा परिणाम आहे, आरशातही तसाच दिसतो, म्हणून तो दुरुस्त करू नका. गालाचे आकडे मात्र दोन्ही फोटोंत सारखेच यायला हवेत. बदलले असतील तर मास्क कुठेतरी सांडला आहे. `Alt` दाबून मास्कवर क्लिक केले की तो एकटा दिसतो, हनुवटीवर आणि नाकाखाली पांढरट डाग शोधा.

दिवसाच्या फोटोत आवडलेली शेड रात्रीच्या कार्यालयात तशीच दिसेल का?

नाही. पिवळ्या दिव्यांत निळा उजेड कमी असतो, त्यामुळे बेरीसारख्या निळसर लाल शेड तपकिरीकडे झुकतात आणि केशरी-लाल शेड अधिक उठून दिसतात. फोटोला पिवळा फिल्टर लावून याचा अंदाज येतो, पण अंदाजच. रात्रीच्या समारंभासाठी शेड ठरवायची असेल तर हात गालाशी धरलेला तोच फोटो संध्याकाळी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पुन्हा काढा, आणि ओठांचे व हातावरच्या शेडचे आकडे त्या फोटोतून नव्याने मोजा.

फोटो सेव्ह करताना काय जपायचे? आणि ग्राहकाचा फोटो कुठे अपलोड होतो का?

पीएनजीमध्ये सेव्ह करा. जेपेगच हवा असेल तर क्वालिटी ९० च्या वर ठेवा, नाहीतर मेहनतीने मऊ केलेली लाल कड पुन्हा चौकोनी-चौकोनी होते. लेयरसकट पीएसडी फाइलही ठेवा, उद्या शेड बदलायची झाली तर फक्त सहा बिंदू हलवावे लागतील. फोटोपीमध्ये उघडलेली फाइल तुमच्याच यंत्रावर राहते, सर्व्हरवर जात नाही. इतर ट्राय-ऑन अ‍ॅपबद्दल तसे गृहीत धरू नका. ग्राहकाचा चेहरा तिथे टाकण्यापूर्वी तिला विचारा.